उत्तर: एलटी पॅनेलच्या मॅन्युअलची मांडणी

> "कंपनीचे कॅटलॉग, टेस्ट रिपोर्ट आणि ड्रॉइंग एका फाइलमध्ये लावून दिलं की ओ अँड एम मॅन्युअल झालं ना?"

नाही. ते सगळं परिशिष्टात जाऊ द्या. रात्री ब्रेकर ट्रिप झाला की ऑपरेटर कॅटलॉग चाळत बसत नाही. पहिल्या पानावर 'अॅज-बिल्ट' सिंगल लाइन डायग्राम हवा, आणि त्यातली फीडरची नावं पॅनेलवरच्या नेमप्लेटशी अक्षरशः जुळली पाहिजेत.

त्यानंतर लगेच ट्रिप झाल्यावर काय करायचं ते पान. आधी ब्रेकरला ट्रिप करणाऱ्या रिलीजवर कारण बघा: ओव्हरलोड, शॉर्टसर्किट की अर्थ फॉल्ट. बऱ्याच एसीबींमध्ये, म्हणजे एअर सर्किट ब्रेकरमध्ये, फॉल्ट ट्रिपनंतर रीसेटचं बटण बाहेर येतं आणि ते दाबेपर्यंत ब्रेकर लागत नाही. हे लिहिलेलं नसलं की स्प्रिंग चार्ज असूनही लोक ती चार्ज करणारी मोटर खोलतात! कारण न शोधता रीसेट करू नये, हेही तिथेच ठळक लिहा.

सेटिंगचं पान मात्र सावकाश बनवा. समजा 1000 केव्हीए, 433 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आहे. त्याचा फुल लोड करंट सुमारे 1333 अँपिअर. इनकमर, म्हणजे पॅनेलचा मुख्य ब्रेकर, 1600 अँपिअरचा असेल तर ओव्हरलोड सेटिंग 0.85 वर ठेवली की 1360 अँपिअर होतात. नुसतं "0.85" लिहू नका, अँपिअरही लिहा. उद्या रिलीजचं रेटिंग ठरवणारा रेटिंग प्लग 1250 चा बसला, तर त्याच खुणेवर 1062 होतील आणि पूर्ण लोडच्या आधीच ट्रिपिंग सुरू होईल.