मदत हवी आहे: टाकी, वाळवी आणि घरातली यंत्रं यांचं वर्षाचं वेळापत्रक कसं लावू? (कोल्हापूर)

बावड्याचं_अंगण

नमस्कार मंडळी. आमचं घर कसबा बावड्यात, जुनं, बैठं. अंगणात जमिनीखाली सिमेंटची टाकी आहे, गच्चीवर हजार लिटरची प्लॅस्टिकची. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि तीन वर्षांची लेक. आजवर टाकी कधी धुतली, आरओचा फिल्टर कधी बदलला, कुणालाच नीट आठवत नाही. म्हणून वर्षाचं वेळापत्रक करून कॅलेंडरशेजारी भिंतीवर लावायचं ठरवलंय.

माझा विचार असा, की नवरात्राच्या आधी एका आठवड्यात सगळं उरकायचं: दोन्ही टाक्या, झुरळ-वाळवीची फवारणी, आरओ, गिझर, एसी. पण दोन शंका आहेत. स्वयंपाकघराच्या चौकटीवर मातीच्या बारीक नळ्या दिसतात. काडीनं फोडली तर आत पांढुरक्या वाळव्या पळताना दिसल्या. वाळवीवाले म्हणतात, बाहेरून भिंतीलगत फूट-फूट अंतरावर भोकं पाडून औषध सोडावं लागेल. आणि आमची जमिनीखालची टाकी नेमकी त्याच भिंतीला चिकटून आहे! दुसरं म्हणजे, सासरे दर वर्षी स्वतः टाकीत उतरतात आणि अ‍ॅसिडनं घासतात. लेकीसाठी पाणी याच टाकीतून जातं, म्हणून जीव घाबरतो. कुठलं काम कधी, आणि कशाच्या आधी, सांगाल का?

पेठेतला_बाळ

वहिनी, एवढं टेन्शन घेऊ नका. आमच्याकडं पावसाळ्यात टाकीत तुरटी फिरवतो, पाणी आरशागत होतंय. टाकी रिकामी करायची गरजच पडत नाही. वर्षातनं एकदा दिवाळीला धुतली की झालं.

उद्यमनगर_पाना

बाळ, तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, हे बरोबर. पण जंतू मरत नाहीत, आणि बसलेला गाळ तळाशीच राहतो. मोटर चालू झाली की तो पुन्हा वर येतो. शिवाय गाळ असला की ब्लीचिंग पावडरचा जोर आधी त्या गाळावरच खर्च होतो. म्हणून क्रम नेहमी गाळ काढणं, घासणं आणि मग औषध.

ताई, मी पंप आणि नळजोडणीची कामं करतो. सगळं एका आठवड्यात घेऊ नका. कोल्हापुरात वर्षाची मांडणी पावसाभोवती करावी लागते. जमिनीखालची टाकी जुलै-ऑगस्टमध्ये कधीच रिकामी करायची नाही. एक तर 2019 आणि 2021 च्या पुरात उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि शहरानं टँकरवर दिवस काढले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीकडं निघाली की तुमच्या टाक्या काठोकाठ भरलेल्या हव्यात, धुवायला काढलेल्या नव्हेत. दुसरं, त्या दिवसांत जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं. टाकी भरलेली असते तोवर आतलं पाणी बाहेरच्या पाण्याला रेटून धरतं. रिकामी केली की भेगांतून माती-पाणी आत येतं, आणि गळतीला लिंपणही धरत नाही.

त्यामुळे मोठी धुलाई मेच्या उत्तरार्धात. तेव्हा जमीन कोरडी असते, भेगा दिसतात, लिंपण वाळतं. दुसरी धुलाई ऑक्टोबरात, पावसाळाभर आलेला गाळ काढायला.

सासऱ्यांना टाकीत उतरू देऊ नका. निदान एकट्यानं तर नकोच. झाकण आदल्या दिवसापासून उघडं ठेवायचं, त्यावर जाळी टाकायची म्हणजे लेक जवळ गेली तरी धोका नाही. मोटरची वीज मेनमधून बंद. आत माणूस असेल तर वर दुसरा माणूस हलायचा नाही, आणि आतल्याच्या कमरेला दोर. आतला गप्प झाला म्हणून वरच्यानं मागोमाग उडी मारायची नाही. अशानंच एकाचे दोन जातात. आणि अ‍ॅसिड अजिबात नको. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू निघतो, बंद टाकीत तो जिवावर बेततो. लांब दांड्याचा नायलॉनचा ब्रश पुरतो.

टाकीची आतली मापं द्या, किती पावडर लागेल ते सांगतो.

नागाळा_फ्लॅट

आमच्या अपार्टमेंटची टाकी सोसायटीच धुऊन घेते, त्यामुळे तो प्रश्न नाही. पण एसी सर्व्हिसिंग नवरात्रात करू नका, थंडीभर बंदच राहणार असतो. आम्ही फेब्रुवारीत करतो, कारण मार्चनंतर मेकॅनिक फोन उचलत नाहीत. मला विचारायचं होतं की गच्चीवरच्या टाकीवर शेड घातली तर उन्हाळ्यात पाणी गार राहतं का? आमच्या नळाला दुपारी चहाचं पाणी येतं.

बावड्याचं_अंगण

@उद्यमनगर_पाना दादा, खूप आधार वाटला. आतून मोजली: लांबी सहा फूट, रुंदी पाच, खोली पाच. सासऱ्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, ते ऐकतील असं वाटतंय.

उद्यमनगर_पाना

सहा गुणिले पाच गुणिले पाच म्हणजे 150 घनफूट. एका घनफुटात साधारण 28 लिटर, म्हणजे काठोकाठ 4,200 लिटर. एवढ्या पाण्यात जोरदार औषध घालून ते ओतून देणं परवडत नाही. म्हणून खालच्या टाकीला पुसायची पद्धत वापरा. गाळ काढून, घासून, धुऊन झालं की दहा लिटरच्या बादलीत सात ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर विरघळवा. चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी घ्या. त्यानं भिंती आणि तळ ओले करा, अर्धा तास ओलेच राहू द्या, मग स्वच्छ पाण्यानं धुऊन ते पाणी उपसून टाका. हे लांब दांड्याच्या ब्रशानं वरूनच करा. आत उभं राहून केलं तर वास नाकात बसतो.

गच्चीवरच्या टाकीला भरून करा. हजार लिटरला 170 ग्रॅम पावडर, तशीच निवळून. ते पाणी टाकीत मिसळलं की घरातला एकेक नळ सोडा, क्लोरीनचा वास आला की बंद करा. पाइपही साफ होतात. रात्रभर तसंच ठेवून सकाळी सगळं सोडून द्या. हे पाणी प्यायचं नाही, कुंड्यांना घालायचं नाही. नंतर दोनदा टाकी भरून सोडली की वास जातो.

आता तुमच्या क्रमाच्या प्रश्नाकडे. त्या रात्री आरओचा आणि गिझरचा पाण्याचा कॉक बंद हवा. आरओच्या पडद्याला क्लोरीन सोसत नाही. आतला कार्बन फिल्टर रोजचं थोडं क्लोरीन अडवतो, एवढं नाही. म्हणून आधी टाकी आणि मगच आरओचे फिल्टर. उलट केलंत तर नवे फिल्टर टाकी धुताना सुटलेल्या गाळानं भरतात.

पावडर त्याच आठवड्यात विकत घ्या. आमच्याकडच्या दमट हवेत उघडी पुडी महिन्याभरात मेलेली असते. नाकाला झोंबत नसेल तर ती नुसता चुना समजा.

कीड_नियंत्रण_राजारामपुरी

मी याच व्यवसायात आहे, पूर्वी भोकंही पाडली आहेत आणि आता लोकांना शिकवतो. ताई, फोडलेली नळी तशीच ठेवा आणि चार-पाच दिवसांनी पाहा. पुन्हा बांधली असेल तर वाळवी आजही कामावर आहे. नाही बांधली तरी निर्धास्त होऊ नका, ती दुसऱ्या वाटेनं जाते. वळवाच्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाल्या दिसल्या होत्या का? त्या घरातूनच निघाल्या असतील तर मुळं घरात आहेत.

झुरळांसाठी स्वयंपाकघरात जेल लावून घेणार असाल तर आधी ओटा, कपाटं सगळं घासून घ्या आणि नंतर जेल. जेलवर फिनेल किंवा फवारा गेला की झुरळं त्याला तोंड लावत नाहीत. दिवाळीची साफसफाई आणि जेल यांचा हाच घोळ घरोघरी होतो.

वाळवीच्या औषधाला मात्र सलग पट्टा लागतो. एक भिंत सोडली तर वाळवी तिथूनच शिरते. त्यामुळे टाकीची बाजू वगळा, असं मी सहसा म्हणत नाही.

उद्यमनगर_पाना

साहेब, इथं माझं मत वेगळं आहे. बावड्यात पावसाळ्यात जमिनीतलं पाणी टाकीच्या तळापेक्षा वर येतं. टाकीला भेग असेल तर मातीत सोडलेलं औषध थेट पिण्याच्या पाण्यात. ताई, आधी ही एक परीक्षा करा, आत्ता ऑगस्टातच करा. रात्री टाकी पाऊणभर असू द्या, नळाची आवक बंद, मोटर बंद. पाण्याची रेघ भिंतीवर पेन्सिलनं आखा. सकाळी पाणी रेघेवर असेल तर टाकी धड आहे. वर चढलं असेल तर बाहेरचं पाणी आत येतंय. खाली गेलं असेल तर आतलं बाहेर जातंय. चढलं किंवा उतरलं, दोन्हींत त्या बाजूला औषध नको.

कीड_नियंत्रण_राजारामपुरी

पाणी चढत असेल तर मीही भोक पाडणार नाही, एवढं मान्य. तेव्हा चौकटीच्या लाकडात सुईनं औषध भरणं आणि बाहेर आमिषाचे डबे पुरणं, हा मार्ग आहे. पण आमिषाला महिने लागतात आणि डबे नियमित तपासावे लागतात. रेघ जागच्या जागी असेल तर? तरीही टाकीपासून किती लांब राहायचं यावर आमच्यातच एकमत नाही. जो ठेकेदार टाकी न बघताच दर सांगतो, त्याला काम देऊ नका.

बावड्याचं_अंगण

काल रात्री रेघ आखली होती. सकाळी पाणी रेघेच्या बोटभर वर होतं. सासरे स्वतः टॉर्च घेऊन पाहत होते. पश्चिमेच्या कोपऱ्यात, तळापासून वीतभर वर, ओली धार दिसते.

तर आता असं लिहिलंय. सप्टेंबर: चौकटीत सुईनं औषध, आमिषाचे डबे, भोकं नाहीत. ऑक्टोबर: पाऊस थांबल्यावर दोन्ही टाक्या, त्यानंतरच्या आठवड्यात आरओचे फिल्टर आणि थंडीआधी गिझर. दिवाळीची साफसफाई झाली की जेल. फेब्रुवारी: एसी. मे: खालची टाकी पूर्ण रिकामी, भेगेचं काम, दुसरी धुलाई. जुलै-ऑगस्ट: टाक्या भरलेल्या, हात लावायचा नाही. तोवर पिण्याचं पाणी उकळून.

एकच राहिलं. मेमध्ये भेग आतून लिंपली तर चालेल, की बाहेरची माती उकरून बाहेरून करावं लागेल? बाहेरून करायचं म्हणजे स्वयंपाकघराची भिंत उघडी पडेल.

उद्यमनगर_पाना

पाण्याचा रेटा बाहेरून आहे, त्यामुळे खरं तर बाहेरून केलेलं टिकतं. पण पायाशेजारी उकरायचं की नाही, हे बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. टाकी रिकामी झाली की धारेचा फोटो टाका. आणि तोवर गोड्या पाण्याची सोय म्हणून गच्चीवरच्या टाकीला नळाची सरळ जोडणी करता येते का, ते बघून घ्या. दाब पुरला तर लेकीचं पाणी खालच्या टाकीतून जायलाच नको.

पेठेतला_बाळ

पाना भाऊ, आमच्या टाकीतही रेघ आखतो आज रात्री.