लोकर डाव्या हातात धरावी की उजव्या? हात दुखतो म्हणून पद्धत बदलली तर टाके बिघडले

लोकरगुंडा: मी बारा वर्षं लोकर उजव्या हातात धरून विणतेय, म्हणजे इंग्लिश पद्धतीने. हल्ली अर्ध्या तासात उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं म्हणून तीन आठवड्यांपासून लोकर डाव्या तर्जनीवर घेऊन कॉन्टिनेंटल सुरू केलं. दुखणं कमी झालंय पण कार्डिगनच्या पाठीवर आडव्या पट्ट्या दिसतायत, आधी एकसारखं यायचं. सोडून देऊ का परत जुन्यावर जाऊ?

मंजूकाकू: परत जा गं. माझं वय ६८, आयुष्यभर उजव्या हातानेच विणलं, घरात सगळ्यांना स्वेटर झाले. तू बहुतेक प्रत्येक टाक्याला सुई सोडून हात लांब नेऊन लोकर फेकतेस, म्हणून अंगठा दुखतो. सुई न सोडता लोकर तर्जनीवर ठेव आणि बोटाच्या टोकाने नुसती पलटव, मनगट हलायलाच नको. आणि पट्ट्या येतायत तर दोन्ही सुया एक नंबर बारीक घे, विण आपोआप घट्ट होईल.

उलटसुलट: काकू, मनगट न हलवण्याचं तुमचं म्हणणं अगदी बरोबर, पण दोन्ही सुया बारीक करून पट्ट्या जाणार नाहीत, कारण सगळंच घट्ट होईल आणि सुलट ओळ नि उलट ओळ यांच्यातला फरक तसाच राहील. लोकरगुंडा, विण उलटी करून मागच्या बाजूने बघ. रेघा दोन-दोनच्या जोड्यांनी दिसतात आणि प्रत्येक जोडीनंतर फट आहे का? असेल तर तुझ्या उलट ओळी सैल पडतायत. डाव्या हाताने सुलट टाका झटकन ओढला जातो, पण उलट टाक्याला लोकर सुईवरून गुंडाळताना बोट जास्त फिरतं आणि जास्त लोकर खर्च होते.

सोपा उपाय सांगते. एक सुई ९ नंबरची आणि एक त्याहून बारीक, १० नंबरची घे. टाक्याचं माप ज्या सुईवर तो तयार होतो तिच्यावर ठरतं, म्हणून सुलट ओळ ९ वर आणि उलट ओळ १० वर उतरू दे. सरळ सुयांवर एकदा सुरुवात बरोबर केली की पुढे आपोआप तसंच होत जातं, काही लक्षात ठेवावं लागत नाही. दुसरा उपाय, उलट टाका घालताना लोकर सुईवरून न नेता सुईने वरून दाबून खालून ओढून घे. रस्ता जवळचा पडतो म्हणून टाका घट्ट होतो, पण तो सुईवर उलटा बसतो, त्यामुळे पुढच्या ओळीत सुलट टाका मागच्या पायात सुई घालून विणावा लागतो, पुढून विणलास तर पीळ पडेल. बाह्या गोल सुईवर विणणार असशील तर तिथे उलट ओळच नसते, सगळे टाके सरळ बसतात, तिथे मागून विणू नकोस.

गोवेकर_सुई: मी क्रोशा करते, लोकर डाव्याच हातात असते आणि मला त्रास नाही, म्हणजे डाव्यातच बरं ना?

पुण्याची_रेवा: क्रोशात एकच हूक असतो, वजन वेगळं पडतं, ते याला लागू होत नाही. आणि मी याच्या उलट बाजूची आहे, मी दोन वर्षांपूर्वी कॉन्टिनेंटलला गेले, उजवं मनगट शांत झालं पण तर्जनी सतत वर ताणून धरायची सवय लागली आणि डाव्या बोटाचा सांधा धरला. आता वीस मिनिटांनी थांबते, लोकर करंगळीला एक वेढा घेऊन बोट खाली ठेवते. पद्धत बदलल्याने दुखणं जागा बदलतं, असं माझं ठाम मत आहे.

उलटसुलट: हे मला नेहमीच पटत नाही. तुझं बोट वर ताणलेलं होतं म्हणून दुखलं, नाहीतर भार दोन्ही हातांवर वाटला जातो. पण अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल किंवा रात्री मुंग्या येत असतील तर विणण्याची कुठलीही पद्धत त्याला औषध नाही, डॉक्टरला दाखवायलाच हवं.

लोकरगुंडा: बधिर नाही. मागे बघितलं, जोड्या आणि फटी आहेत. नमुना विणून मोजलं, इंग्लिशने १० सेंमीत २२ टाके, कॉन्टिनेंटलने २०. पाठीला ११० टाके आहेत आणि अर्धी पाठ जुन्या पद्धतीने झालीय.

उलटसुलट: मग हिशोब कर, ११० टाक्यांना खाली ५० सेंमी आणि वर ५५, पाठ वरती पसरेल. ही पाठ उसव नाहीतर जुन्याच हाताने संपव, एका तुकड्यात दोन हात नकोत. नवी पद्धत छोट्या मफलरवर बसव, नंतर नवीन नमुना मोजून कार्डिगन सुरू कर.

मंजूकाकू: उसवू नकोस, एवढी मेहनत. पाठ जुन्याच हाताने पुरी कर, रोज दहा ओळी, अंगठ्याला सांभाळून.

पुण्याची_रेवा: दहा ओळी म्हणजे ११०० टाके, दुखऱ्या अंगठ्याने रोज एवढे मी तरी विणणार नाही. उसव.