मदत हवी आहे: कॉम्प्रेसरच्या एएमसीतून व्हिजिट, स्पेअर आणि रिस्पॉन्स टाइम कसे काढायचे?

चाकण_मेंटेनन्स
37 किलोवॉटचा स्क्रू कॉम्प्रेसर आहे. दिवसाला 20 तास, वर्षाला साधारण 300 दिवस चालतो. करारातून तीनच गोष्टी शीटमध्ये उतरवायच्या आहेत. पान 2 वर ‘वर्षाला 4 व्हिजिट’ आणि ‘8 वर्किंग अवर्समध्ये रिस्पॉन्स’ आहे, स्पेअर शेवटच्या परिशिष्टात. सुरुवात कुठून करू?

खरेदीवाला
कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर स्पेअर सगळे आलेच, नसेल तर फक्त लेबर. वरचं शीर्षक बघा, झालं काम.

जुना_फिटर
शीर्षकावर जाऊ नका. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्येही फिल्टर-ऑइल कन्झ्युमेबल म्हणून वगळतात, नाहीतर नग ठरवून देतात. परिशिष्टातला नगांचा रकाना टाका इथे.

चाकण_मेंटेनन्स
एअर फिल्टर 2, ऑइल फिल्टर 2, सेपरेटर 1. ऑइल वगळलंय. मॅन्युअलप्रमाणे फिल्टर 2000 तासांनी, सेपरेटर 4000 तासांनी. मीटर आत्ता 3000 वर आहे.

जुना_फिटर
मग गोम इथेच आहे. वर्षात 6000 तास, म्हणजे मीटर 9000 वर जाणार. वाटेत 4000, 6000, 8000 येतात, तेव्हा फिल्टरचे 3 संच लागतील आणि करारात 2 आहेत. सेपरेटर 4000 ला आणि 8000 ला, म्हणजे 2 लागतील, करारात 1. उरलेले तुमच्या खर्चाने. शिवाय तिमाही व्हिजिट दर 1500 तासांनी पडेल, ती फिल्टरच्या तासांशी जुळत नाही. व्हिजिट मीटरवर बांधून मागा.

शीटमध्ये प्रत्येक नोंदीपुढे कलम क्रमांक, पान आणि करारातले शब्द जसेच्या तसे लिहा. जे लिहिलेलं नाही तिथे ‘नमूद नाही’ टाका, अंदाजाने भरू नका. नंतर वाद त्याच रकान्यावर होतो.

डीजी_ऑपरेटर
आमच्या डीजी सेटला ब्रेकडाउनची फेरीसुद्धा त्या 4 मध्येच मोजली. तुमच्या बॅटरीचं काय लिहिलंय?

जुना_फिटर
बॅटरीचा इथे संबंध नाही, पण फेरीचा मुद्दा बरोबर. ‘4 व्हिजिट’ प्रिव्हेंटिव्ह की सगळ्या मिळून, ते कलमात शोधा.

आता रिस्पॉन्स. वर्किंग अवर्स कोणते, ते बहुतेक व्याख्यांच्या पानावर असतं. सोमवार ते शनिवार 9 ते 6 असेल आणि तुम्ही शनिवारी संध्याकाळी 5 ला कॉल लावला, तर शनिवारचा 1 तास आणि सोमवारचे 7. मुदत सोमवारी दुपारी 4 ला संपते. तोवर मशीन बंद असलं तरी करार मोडलेला नाही. कॉल फोनवर धरतात की तिकीट नंबर मिळाल्यावर, तेही टिपा, घड्याळ तिथून चालतं.

चाकण_मेंटेनन्स
व्याख्येत तेच 9 ते 6 आहे, रविवार वगळून. पण ‘रिस्पॉन्स’ म्हणजे इंजिनिअर साइटवर, की नुसता फोन?

खरेदीवाला
रिस्पॉन्स म्हणजे साइटवरच.

जुना_फिटर
ते करारात लिहिलेलं असेल तरच. नाहीतर फोनवर बोलूनही रिस्पॉन्स दिला म्हणतील. दुरुस्ती पूर्ण होण्याची मुदत तर वेगळीच, तिचा रकाना स्वतंत्र ठेवा.

चाकण_मेंटेनन्स
शोधलं, कुठेच लिहिलेलं नाही. ‘नमूद नाही’ टाकून व्हेंडरला मेल करतोय.