अप्रेझल कमी आलं, क्लोजिंगला आता किती पैसे लागतील?

प्रेषक: अश्विनी, मिल्टन

मंडळी, नमस्कार.

आम्ही २०२२ मध्ये इथे कॅनडात, मिल्टनला बिल्डरकडून एक टाउनहाउस बुक केलं. किंमत १०,५०,००० डॉलर. हप्त्याहप्त्याने २० टक्के, म्हणजे २,१०,००० डॉलर भरून झाले आहेत. उरलेले ८,४०,००० बँकेकडून घ्यायचे, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. आता क्लोजिंग जवळ आलं आणि बँकेने केलेलं घराचं मूल्यमापन, म्हणजे अप्रेझल, आलं ९,३०,०००. बँक म्हणते, आम्ही ७,४४,००० देऊ, वरचे ९६,००० तुमचे तुम्ही आणा.

आम्ही २० टक्के भरलेत, करार आहे, पावत्या आहेत. मग बँक ८० टक्के का देत नाही? एवढी रक्कम आमच्याजवळ नाही. घर सोडून दिलं तर डिपॉझिट जाईल, आणि बिल्डरने ते घर पुढे कमी भावात विकलं तर फरकासाठीही तो आमच्यावर दावा करू शकतो, असं वकिलांनी सांगितलं आहे. कोणाला यातून जावं लागलं असेल तर कृपया लिहा.

अश्विनी


प्रेषक: मंदार, ओकव्हिल

अश्विनी, हा फरक बहुधा टॅक्सचा असेल. आम्ही पुण्यात बाणेरला फ्लॅट घेतला तेव्हा हेच झालं होतं. तिकडे रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे की कर्ज ७५ लाखांच्या वर असेल तर बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते, आणि त्या किमतीत स्टँप ड्यूटी, रजिस्ट्रेशन धरत नाहीत. आम्ही सगळं मिळून हिशेब केला होता, बँकेने फक्त ॲग्रीमेंटची रक्कम धरली. शेवटी बाबांनी एफडी मोडली. तुमच्याकडेही लँड ट्रान्सफर टॅक्स वगळला असेल. बँकेला आकड्यांची फोड मागा.

मंदार


प्रेषक: प्रमोद, मिसिसॉगा

मंदार, टॅक्सने एवढा फरक कसा पडेल? हा अप्रेझलचाच फरक आहे.

अश्विनीताई, घाबरू नका. २० टक्क्यांपेक्षा कमी डाउन पेमेंट असलं तरी कर्ज मिळतं, फक्त मॉर्गेज इन्शुरन्स घ्यावा लागतो. आम्ही न्यू जर्सीत असताना १० टक्के भरूनच घर घेतलं होतं. दर महिन्याच्या हप्त्याबरोबर पीएमआयचे, म्हणजे तिकडच्या मॉर्गेज इन्शुरन्सचे, थोडे पैसे जायचे. कर्ज ८० टक्क्यांवर आल्यावर अर्ज केला आणि ते बंद झालं. तुम्हीही तसंच करा. चार-पाच वर्षांत घराची किंमत वर गेली की इन्शुरन्स काढून टाकायचा. माझ्या मते ९६,००० आणायची गरजच नाही.

प्रमोद


प्रेषक: शुभांगी, बर्लिंग्टन

अश्विनी,

मी निवृत्त होईपर्यंत मॉर्गेज अंडररायटिंगमध्येच होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बँक ८० टक्के देतेच आहे, पण ते कशाचे हे बघ. करारातली किंमत आणि अप्रेझल यांत जे कमी असेल ते बँक घराचं मूल्य म्हणून धरते. ९,३०,००० चे ८० टक्के म्हणजे ७,४४,०००. तुझे २,१०,००० बुडालेले नाहीत, पण बँकेच्या नजरेत त्यातले १,२०,००० करारातली किंमत आणि अप्रेझल यांच्यातला फरक भरण्यात गेले. उरले ९०,०००. ९,३०,००० च्या घरात ९०,००० म्हणजे १० टक्क्यांनाही थोडे कमीच. तुला २० टक्के दिसतात आणि बँकेला पावणेदहा दिसतात, ते यामुळे.

कॅनडात बँकेला ८० टक्क्यांच्या वर कर्ज द्यायचं तर ते इन्शुअर्ड असावं लागतं, तसा कायदाच आहे. त्यामुळे मॅनेजरशी कितीही वाद घातलास तरी या मार्गाने ७,४४,००० च्या पुढे तो जाणार नाही. पण प्रमोद म्हणतात ती इन्शुरन्सची वाट तुझ्यासाठी खुली आहे, आणि तीही अलीकडेच झाली. आधी १० लाखांच्या घराला किंवा त्यावरच्या घराला हा इन्शुरन्स मिळतच नसे. १५ डिसेंबर २०२४ पासून ती मर्यादा १५ लाखांवर गेली.

आता तुझे आकडे मांडू. ८,४०,००० भागिले ९,३०,००० म्हणजे ९०.३ टक्के. ९० टक्क्यांच्या वर गेलं की प्रीमियम कर्जाच्या ४ टक्के लागतो, म्हणजे ३३,६००. कर्ज बरोबर ९० टक्क्यांवर आणलं तर तोच दर ३.१० टक्के होतो. ९० टक्के म्हणजे ८,३७,०००. त्यासाठी तुला फक्त ३,००० डॉलर वर घालावे लागतील, आणि प्रीमियम २५,९४७ वर येईल. तीन हजार घालून साडेसात हजारांहून जास्त वाचतात. माझ्या टेबलावर अशा कितीतरी फाइली आल्या, ज्यांत लोक अगदी थोड्या रकमेसाठी वरच्या पायरीवर अडकलेले असत आणि कोणी त्यांना सांगितलेलं नसे. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

पुढची पायरी ८५ टक्क्यांवर आहे. तिथे पोहोचायला तुला आणखी ४६,५०० घालावे लागतील आणि प्रीमियम जेमतेम ३,८०० ने उतरेल. कर्ज कमी होईल हा फायदा आहेच, पण केवळ प्रीमियमसाठी नातेवाइकांकडून एवढी रक्कम गोळा करू नकोस.

प्रीमियम कर्जातच मिळवतात, त्यामुळे कर्ज ८,६२,९४७ दिसेल. मात्र ऑन्टॅरिओत त्या प्रीमियमवर ८ टक्के सेल्स टॅक्स आहे, तो कर्जात मिळवता येत नाही. साधारण २,०७५ डॉलर क्लोजिंगच्या दिवशी रोख लागतील. मंदारचा मुद्दा इथे उपयोगी आहे. लँड ट्रान्सफर टॅक्स, वकिलाची फी आणि बिल्डरचे शेवटच्या हिशेबात निघणारे जादा आकार, यांतलं काहीच कर्जाच्या टक्केवारीत येत नाही. तुझा लँड ट्रान्सफर टॅक्सच पंधरा हजारांच्या वर जाईल. हे पैसे आधी बाजूला ठेव आणि मगच डाउन पेमेंटमध्ये किती घालता येतील ते ठरव.

प्रमोद, एक दुरुस्ती. अमेरिकेतला पीएमआय महिन्याला जातो आणि पुढे बंद करता येतो. इथला प्रीमियम सुरुवातीलाच एकरकमी लागतो. घराची किंमत दुप्पट झाली तरी तो परत मिळत नाही.

दोन अडचणी आहेत. पहिली, इन्शुरन्स देणारी संस्था, म्हणजे सीएमएचसी, सेजन किंवा कॅनडा गॅरंटी, घराचं मूल्य स्वतः तपासते. तिने ९,२५,००० धरले तर ९० टक्के होतात ८,३२,५००, आणि तुला तीनऐवजी साडेसात हजार लागतील. म्हणून हिशेब अगदी काठावर ठेवू नकोस.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. व्याजदर साडेचार टक्के असला तरी कर्ज झेपेल का हे साडेसहा टक्क्यांनी तपासतात. त्या दराने २५ वर्षांचा हप्ता पावणेसहा हजारांच्या आसपास जातो. हप्ता, प्रॉपर्टी टॅक्स आणि हीटिंग मिळून तुमच्या करपूर्व उत्पन्नाच्या ३९ टक्क्यांत बसायला हवं. म्हणजे दोघांचं मिळून वर्षाला दोन लाखांच्या जवळपास लागेल, आणि गाडीचं कर्ज असेल तर त्याचा हिशेब वेगळा. घर नवीन असल्याने तुम्हाला ३० वर्षांची मुदत मिळू शकते. तिला ०.२० टक्के जादा प्रीमियम पडतो, पण हप्ता बराच उतरतो. आणि हो, घरात तुम्ही स्वतः राहायला जाणार असाल तरच हे सगळं. भाड्याने द्यायचं असेल तर ही वाट बंद.

शुभांगी


प्रेषक: प्रमोद, मिसिसॉगा

शुभांगीताई, पीएमआयचं लक्षात आलं. एकदाच जातो हे मला माहीत नव्हतं.

पण माझं मत अजून तेच आहे, ९६,००० आणू नयेत. मी ऐकलंय की इन्शुअर्ड कर्जाचा व्याजदर उलट कमी असतो. शिवाय आमच्या ओळखीत एकाला बिल्डरच्याच बँकेने करारातल्या किमतीवर कर्ज दिलं, नवं अप्रेझल केलंच नाही. अश्विनीताईंनी आधी तिथे विचारावं.


प्रेषक: शुभांगी, बर्लिंग्टन

दर कमी असतो हे बऱ्याचदा खरं आहे. तोटा झाला तर इन्शुरन्स भरून देतो, त्यामुळे बँकेची जोखीम कमी. पण त्या फरकातून २६,००० चा प्रीमियम वसूल होईल का, हे कोटेशन हातात आल्याशिवाय सांगता येणार नाही. मी तरी सांगणार नाही.

बिल्डरच्या बँकेचं जरूर विचार. काही मोठ्या प्रकल्पांत बँक सगळ्या घरांना एकत्र करारातली किंमत मान्य करते. तसं झालं तर तुझी अडचणच मिटते, पण लेखी मिळेपर्यंत त्यावर विसंबू नकोस. त्या घराची बाजारातली किंमत ९,३०,००० च आहे, हे कर्ज मंजूर झालं तरी बदलत नाही. पाच वर्षांनी दुसऱ्या बँकेत जायचं म्हटलंस तर ती ताजं मूल्यच बघेल.


प्रेषक: अश्विनी, मिल्टन

शुभांगीताई, मनापासून आभार. बँकेने आम्हाला इन्शुरन्सबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता. गाडीचं कर्ज नाही. दोघांचं मिळून उत्पन्न १,८५,००० आहे, म्हणजे २५ वर्षांत बसणार नाही असं दिसतं. ३० वर्षांचं विचारते. बिल्डरच्या बँकेलाही आज मेल केली.

अजून एक. सासूबाई नाशिकहून १५ लाख रुपये पाठवायला तयार आहेत. त्यांचे पैसे डाउन पेमेंट म्हणून चालतात का?


प्रेषक: मंदार, ओकव्हिल

हे मी नुकतंच केलंय, म्हणून सांगतो. आईवडिलांकडून आलेली भेट चालते. परत करायची नाही असं त्यांच्या सहीचं पत्र लागतं, आणि पैसे तुमच्या इथल्या खात्यात आलेले दिसायला हवेत. एका आर्थिक वर्षात एका माणसाने १० लाखांच्या वर पाठवले तर वरच्या रकमेवर तिकडची बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. १५ लाखांवर म्हणजे एक लाख. रिटर्न भरलं की तो त्यांच्या करात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर अडकतो. सासरे असतील तर दोघांनी आपापल्या खात्यातून वेगवेगळे पाठवावेत. प्रत्येकी १० लाखांच्या आत राहिले तर कापले जाणार नाहीत.

आमच्या वेळी नाशिकच्या शाखेत कागदपत्रांतच बरेच दिवस गेले. क्लोजिंगची तारीख धरून उद्याच सुरुवात करा.


प्रेषक: शुभांगी, बर्लिंग्टन

मंदार म्हणतो ते बरोबर. फक्त इथल्या बँकेला साधारण मागच्या ९० दिवसांचे स्टेटमेंट लागतात आणि मोठी रक्कम अचानक दिसली की ती विचारतेच. सासूबाईंच्या खात्यातून निघाल्याची पावती, भेटीचं पत्र आणि तुमच्या खात्यात जमा झाल्याची नोंद, तिन्ही एकत्र ठेव. आणि त्यातून आधी टॅक्स आणि फीचे पैसे काढून ठेव. उरलेल्यातून कर्ज ९० टक्क्यांच्या खाली आणायचं.

१,८५,००० वर ३० वर्षांत बसेल असं मला वाटतं, पण अगदी घासून. प्रॉपर्टी टॅक्सचा आकडा बिल्डरकडून मागव, त्यात महिन्याला शंभर डॉलर इकडेतिकडे झाले तरी फरक पडेल.