तातडीच्या रुग्णांना पुढे घेऊनही सरासरी प्रतीक्षा बदलत नाही, असे का?

मेघना: एका डॉक्टरच्या दवाखान्याचे सिम्युलेशन लिहिले आहे. तासाला सरासरी 5 रुग्ण येतात, तपासणीला सरासरी 10 मिनिटे लागतात, आणि दोन्ही घातांकी वितरणातून घेतले आहे. पाचांत एक रुग्ण तातडीचा धरला आहे. लाखभर रुग्ण चालवले, तर आलेल्या क्रमाने तपासल्यास सरासरी प्रतीक्षा सुमारे 50 मिनिटे येते आणि तातडीच्यांना पुढे घेतल्यावरही तेवढीच. मग प्रायॉरिटी क्यूचा उपयोग काय?

श्रीधर: क्रम बदलल्याने डॉक्टरांचे काम कमी होत नाही. एकाची वाचलेली मिनिटे दुसऱ्याच्या माथी बसतात. त्यामुळे कोणताही नियम लावला तरी सरासरी तीच राहणार.

वसुधा: 'कोणताही नियम' हे मला मान्य नाही. येथे सरासरी टिकली, कारण दोन्ही गटांच्या तपासणीचा वेळ एकाच वितरणातला आहे. चालू तपासणी मध्येच थांबवत नसाल, तर गटवार आकडे तातडीच्यांसाठी 10 आणि इतरांसाठी 60 मिनिटांच्या जवळ यायला हवेत, 0.2 × 10 + 0.8 × 60 म्हणजे पुन्हा 50 च. आता तिघे एकाच वेळी आले आणि त्यांच्या तपासणीला 20, 5 आणि 5 मिनिटे लागणार आहेत, असे समजा. मोठी तपासणी आधी केली तर प्रतीक्षा 0, 20, 25, म्हणजे सरासरी 15. शेवटी केली तर 0, 5, 10, म्हणजे सरासरी 5. तातडीच्या रुग्णांना बहुधा जास्त वेळ लागतो, हे मॉडेलमध्ये घातले की त्यांना पुढे घेणारा नियम सरासरी वाढवतो. तरीही तो नियम हवाच, असे माझे ठाम मत आहे.

प्रशांत: मी दर महिन्याला रक्तदाब तपासायला जातो आणि मागून आलेले सतत पुढे जातात. सरासरी 50 असल्याचे ऐकून माझी रांग हलत नाही. वेळ ठरवून का देत नाहीत?

वसुधा: वेळ ठरवून देणे हे वेगळे मॉडेल आहे, पण तुमच्या तक्रारीला याच रांगेत उत्तर आहे. तातडीच्या रुग्णाला 30 मिनिटांची सवलत द्यावी:

```python
heapq.heappush(line, (arrived - 30 * urgent, patient_id))
```

यामुळे तातडीचा रुग्ण त्याच्या आधीच्या 30 मिनिटांत आलेल्यांनाच मागे टाकतो. त्याहून आधी आलेला कोणी मागे ढकलला जात नाही.

इरफान: खरा दवाखाना मात्र रोज सकाळी रिकामा उघडतो, त्यामुळे लाख रुग्णांची अखंड रांग त्याला लागू नाही. दिवसागणिक सिम्युलेशन चालवा, आणि प्रत्येक नियमाला रुग्णांच्या येण्याच्या व तपासणीच्या त्याच वेळा द्या. बंद होताना रांगेत उरलेल्यांनाही तपासून संपवा. ते बहुतेक बिनतातडीचे आणि सर्वांत जास्त थांबलेले असतात. त्यांना वगळले, तर प्राधान्याचा नियम आहे त्याहून चांगला दिसतो.

मेघना: उरलेल्यांचे ध्यानात आले नव्हते. गटवार आकडे 10 आणि 60 च्या जवळच आले. आता सवलत 15, 30 आणि 60 मिनिटे ठेवून पाहते.

श्रीधर: तपासणीच्या वेळेबद्दलचा मुद्दा पटला, सवलतीचा पटत नाही. छातीत दुखणाऱ्या माणसापुढे 40 मिनिटांपूर्वी आलेला सर्दीचा रुग्ण उभा राहणार असेल, तर त्या एका गटासाठी सवलतीला मर्यादाच असता कामा नये.