कॅम्पसवर नवख्यांची कुवत ओळखायची कशी?

भोसरीकर: भोसरीत आमचं मशिनिंगचं छोटं वर्कशॉप आहे. क्वालिटीसाठी दोन डिप्लोमावाले हवेत, म्हणून पहिल्यांदाच कॅम्पसला जातोय. ऐंशी मुलं बसणार, अनुभव कुणालाच नाही. कुणात दम आहे हे ओळखायचं कशावरून?

हिशेबी: दहावीपासून सलग साठ टक्के आणि एकही विषय राहिलेला नको. पोरगं नेमाने बसतं याचा तेवढा तरी पुरावा असतो. ऐंशी जणांशी बोलत बसलात तर रात्र होईल.

गेजरूम: नेम कळतो, हात कळत नाही. मी टेबलावर ड्रॉइंग, बुश आणि व्हर्नियर ठेवतो. बाहेरचा व्यास 25 मिमी, टॉलरन्स ±0.05. व्हर्नियर मुद्दाम जुना घेतो, जबडे मिटले तरी 0.06 दाखवणारा. बहुतेक जण 25.08 वाचून ‘रिजेक्ट’ म्हणतात. एखादाच आधी जबडे मिटवून बघतो, 0.06 वजा करतो आणि 25.02, पीस पास, असं सांगतो.

प्रॅक्टिकलच्या_बाई: माझा याला सक्त विरोध आहे. आमच्याकडे वीस मुलांत चार व्हर्नियर. ज्याच्या घरी लेथ आहे तोच पास होणार. तुम्ही सवय मोजताय, कुवत नाही.

गेजरूम: बाई, मान्य. पहिल्या वर्षी मी तसाच फसलो. घेतलेला मुलगा व्हर्नियरला सराईत होता, पण नवीन गेज हातात आलं की अडायचा. आता आधी सगळ्यांना दहा मिनिटं व्हर्नियरचा झिरो एरर शिकवतो. मग शून्यावर नसलेला मायक्रोमीटर हातात देतो आणि झिरोबद्दल चकार शब्द काढत नाही. जो आपणहून झिरो तपासतो, त्याने आत्ता शिकलेलं दुसरीकडे नेलं. अडला तर एकच इशारा देतो, आणि पुढचं तो स्वतः करतो का ते बघतो. बघायला दोघं बसा आणि मार्क आपापले लिहून झाल्यावरच बोला, नाहीतर साहेबांचं मत तेच सगळ्यांचं होतं.

शेवटचं_वर्ष: बाबा आजारी होते, म्हणून माझे दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले. मायक्रोमीटरवर कोणते प्रश्न येतात?

प्रॅक्टिकलच्या_बाई: प्रश्न पाठ करू नकोस रे. लॅबमधून मायक्रोमीटर आणि त्याची किल्ली मागून घे, झिरो स्वतः सेट करून बघ. हिशेबी, तुमच्या चाळणीत हा मुलगा दारातच गळला.

हिशेबी: एकासाठी वाईट वाटतं, पण ऐंशी जणांना वेळ कुठून आणू? आणि असा चुणचुणीत मुलगा वर्षभरात मोठ्या कंपनीत गेला तर?

गेजरूम: शिकवणं दहा-दहाच्या गटात, मग प्रत्येकी पाच मिनिटं. दोन टेबलं लावली तर पाचेक तासांत उरकतं, पण माणसं चार लागतात. टिकेल कोण हे मात्र यातून कळत नाही. माझ्या गेल्या वर्षीच्या दोघांतला एक गेलाच.

भोसरीकर: चार माणसं सोडणं जड आहे. चाळणी पन्नास टक्क्यांवर आणतो, राहिलेले विषय बघत नाही आणि एकच टेबल लावतो. मायक्रोमीटरचा झिरो आजच हलवून ठेवू का?

गेजरूम: त्याच सकाळी हलवा, आणि वर लाल पट्टी लावा. चुकून लाइनवर गेला तर चांगले पीस भंगारात जातील.