मासिक प्रवासीसंख्या: बाराचा फरक घेतला की सीझन गेला?

डेटावाला (मूळ पोस्ट): रेल्वेच्या मासिक प्रवासीसंख्येचा लोक उगाच बाऊ करतात. लॉग घ्या, लॅग १२ चा, म्हणजे मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी फरक घ्या, त्यावर लॅग १ चा, म्हणजे मागच्या महिन्याशी घ्या. एडीएफ चाचणी पास झाली की सिरीज स्टेशनरी, म्हणजे तिची पातळी आणि पसारा काळाबरोबर बदलत नाही. सीझन गेला, ट्रेंड गेला, आता एरिमा मॉडेल लावा. पुस्तकांतल्या त्या विमानप्रवाशांच्या सिरीजवर चाललं, इथेही चालतं.

रानवारा: "सीझन गेला" वाचलं आणि राहवेना. कणकवलीसारख्या कोकणातल्या स्टेशनचा विचार करा. तिथला सर्वात मोठा सीझन गणपतीचा, आणि तो इंग्रजी महिन्याला बांधलेला नाही. चतुर्थी २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये अधिक मासामुळे १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला.

गर्दीचे दहा दिवस धरू: आधीचे पाच, चतुर्थी आणि नंतरचे चार. २०२२ मध्ये त्यातले सहा दिवस ऑगस्टमध्ये पडले, चार सप्टेंबरमध्ये. २०२३ आणि २०२४ मध्ये दहाही सप्टेंबरमध्ये. २०२५ मध्ये दहाही ऑगस्टमध्ये. आता बाराचा फरक घ्या. ऑगस्ट २०२३ ला सहा दिवसांची गर्दी वजा होते, ऑगस्ट २०२४ ला काहीच होत नाही, ऑगस्ट २०२५ ला अख्खी गर्दी अधिक होते. सप्टेंबरमध्ये नेमकं उलट. म्हणजे तुम्ही सीझन काढला नाहीत, दोन महिन्यांत वरखाली फेकलात. एडीएफला हे दिसत नाही, कारण ती युनिट रूट, म्हणजे भरकटत जाणारी पातळी शोधते, गणपती नाही.

डेटावाला: एवढं काय त्यात? एकदोन महिन्यांची एरर वाढेल. विमानाच्या सिरीजमध्ये १९४९ ते १९६० चे १४४ महिने आहेत आणि तिथेही ईस्टर मार्च-एप्रिलमध्ये हलतोच. म्हणून कुणी मॉडेल फेकून दिलं का?

रानवारा: मॉडेल फेका असं मी कुठे म्हटलं? ईस्टर हलतो म्हणूनच तर जनगणना आणि सांख्यिकी खात्यांतले लोक त्याचा वेगळा रिग्रेसर, म्हणजे मॉडेलला बाहेरून दिलेला रकाना घालतात. कणकवलीत ऑगस्ट-सप्टेंबर हेच मुख्य आकडे आहेत, तिथली एरर म्हणजे "एकदोन महिने" नव्हे.

मालवणी_मावशी: सीझनच्या गर्दीबद्दल बोलताय तर आमचंही ऐका. दरवर्षी गणपतीला बुकिंग उघडलं की मिनिटांत वेटिंग लागतं. माझी बहीण दोन वर्षं घरी गणपतीला येऊ शकली नाही. तुमच्या आकड्यांत ती आहे का? जास्तीच्या गाड्या सोडल्या तर आकडा आपोआप वाढेल, त्यासाठी लॉग कशाला हवा?

डेटावाला: मावशी, इथे गाड्या वाढवण्याची चर्चा चाललेली नाही.

रानवारा: त्यांना असं तोडू नका. प्रश्न वेगळा असला तरी त्या बोलल्या ते थेट तुमच्या पहिल्या पायरीवर येतं. लॉग कधी घ्यायचा? पातळी वाढते तसा चढउतारही त्याच प्रमाणात वाढतो तेव्हा. आरक्षित प्रवाशांचा आकडा सीटांना अडकतो. एरवीचे महिने वाढत गेले आणि गर्दीचे महिने आधीच भरलेले असले, तर शिखर वाढतच नाही. तिथे लॉग घेतला तर अलीकडच्या वर्षांतला चढउतार आकसतो. दर वर्षाची सरासरी आणि त्या वर्षातला पसारा समोरासमोर प्लॉट करा. दोन्ही बरोबर वाढत असतील तरच लॉग, नाहीतर मूळ आकडा ठेवा. आणि त्याआधी महिन्याच्या दिवसांनी भागा. फेब्रुवारी दरवर्षी खाली दिसतो त्यातला बराचसा भाग नुसत्या २८ दिवसांचा असतो.

पासधारक: तुम्ही सगळे "प्रवासी मोजले" असं धरून चाललात हेच मला पटत नाही. उपनगरी आकड्यात पासवाले मोजलेले नसतात. प्रत्येक पासामागे ठरावीक फेऱ्या धरतात. मी पास काढून महिनाभर आजारी पडलो तरी माझ्या फेऱ्या झाल्याच! मग डिफरन्सिंग कशाचं करताय, प्रवासाचं की पासविक्रीचं?

डेटावाला: तो गुणक स्थिर आहे. लॉगच्या फरकात जातो.

पासधारक: जात नाही. जून २०१४ आठवा. भाडेवाढ जाहीर झाली, २५ जूनपासून लागू होणार होती, आणि मुंबईत पासाच्या खिडक्यांवर रांगा लागल्या. लोकांनी पुढचे पास आधीच काढून ठेवले. त्या महिन्यात प्रवास वाढला नव्हता, विक्री वाढली होती.

रानवारा: हे मात्र बरोबर आहे. आणि दोन्ही फरक घेतले की असा एक उंचवटा चार ठिकाणी उमटतो: जून २०१४ ला अधिक, जुलै २०१४ ला वजा, जून २०१५ ला वजा, जुलै २०१५ ला अधिक. त्यात जूनची विक्री जुलैतूनच ओढलेली असेल तर जुलैचे दोन्ही ठसे आणखी खोल. डिफरन्स केलेल्या सिरीजमध्ये बारा महिन्यांच्या अंतराने उलट चिन्हाची जोडी दिसली, की मॉडेलकडे वळण्याआधी मूळ आकड्यात तो महिना शोधा.

पासधारक: आणि तिमाही पास? त्याच्या फेऱ्या विक्रीच्या महिन्यातच टाकल्यात की तीन महिन्यांत वाटल्यात, हे कुणी तपासतं का? आमच्या ऑफिसात एकाने वर्षभर तीन-तीन महिन्यांची लाट "सापडली" म्हणून रिपोर्ट दिला होता.

डेटावाला: अहो, विषय पासांचा नाही!

पासधारक: तुमचा विषय आकड्यांचा आहे ना? मग आधी ते कशाचे आहेत ते बघा. अर्धवट माहितीवर लोकांना शिकवायला निघता, राग येतो तो त्याचा.

सांख्यिकी_बाई: आवाज कमी करा दोघेही. मला दुसराच प्रश्न पडलाय: एप्रिल २०२०. प्रवासी गाड्या बंद, आकडा शून्य, लॉग घेतला की वजा अनंत. डेटावाले, तुम्ही तिथे काय केलंत?

डेटावाला: सगळीकडे १ मिळवला.

सांख्यिकी_बाई: मग तो एक महिना बाकीच्या सगळ्या सिरीजपेक्षा मोठा झाला. बाराच्या फरकात २०२० ला प्रचंड खड्डा आणि २०२१ ला तेवढाच डोंगर. त्यात एवढी मोठी मोडतोड मध्ये आली की एडीएफचा निकाल भरवशाचा राहत नाही, आणि माणूस आणखी एक फरक घेतो. मग लॅग १ चं सहसंबंध मूल्य उणे ०.५ च्याही खाली जातं आणि पसारा कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. ही जास्त डिफरन्सिंगची खूण. शून्याचे महिने गहाळ धरा, अर्धवट चाललेल्या महिन्यांना वेगळे ०-१ चे डमी द्या.

रानवारा: मी असं करतो. `ganpati` मध्ये त्या महिन्यात पडलेल्या दिवसांचा वाटा, २०२२ साठी ऑगस्ट ०.६, सप्टेंबर ०.४. पसारा पातळीबरोबर वाढत असेल तर:

```r
library(forecast)
y[y == 0] <- NA
fit <- Arima(log(y / days), order = c(0,1,1),
             seasonal = c(0,1,1), xreg = ganpati)
```

इथे डिफरन्सिंग रिग्रेसरचंही होतं, त्यामुळे हलणारा गणपती त्याच्या वाट्याने सुटतो. आणि सीझनल एमएचा गुणांक `sma1` उणे एकला चिकटला तर बाराच्या फरकाची गरजच नव्हती, महिन्यांचे डमी पुरतात.

सांख्यिकी_बाई: हे मला पूर्ण मान्य नाही. २०१४ पासून गर्दी मुख्यतः ऑगस्टमध्ये असण्याची वर्षं किती? २०१४, २०१७, २०२२, २०२५. २०२० धरता येत नाही. एवढ्यावर एक गुणांक काढून तो पक्का मानायचा? शिवाय आधीचे पाच आणि नंतरचे चार दिवस हे तुम्ही ठरवलेत.

रानवारा: पक्का मानत नाही, त्याची रुंद स्टँडर्ड एरर दाखवतो. रोजचे आकडे मिळाले तर खिडकी बदलता येईल.

डेटावाला: ठीक आहे, गणपतीचा रिग्रेसर घालतो. बाराचा फरक मात्र सोडणार नाही.

रानवारा: सोडू नकाच. फक्त २०२६ चा ऑगस्ट सांगा. चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. तुमचं जुनं मॉडेल २०२५ ची गर्दी ऑगस्टमध्येच ओढून आणेल. दोन्ही अंदाज इथे टाका, आकडे आले की बघू.

पासधारक: पासांचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.